टर्म आणि आरोग्य विमा: आकडा ठरवताना या चुका टाळा

ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच कुटुंबाला पैसे देणारा टर्म विमा किती घ्यायचा? "पगाराच्या दहापट" असं उत्तर सर्रास मिळतं. त्यात घरातली माणसं आणि कर्ज कुठेच धरलेलं नसतं, म्हणून ते बहुतेकदा तोकडं पडतं.

एक घर धरू. वेर्ण्याला नोकरी, वय 36, हातात महिना 70 हजार. पत्नी घर सांभाळते, दोन मुलं, 62 वर्षांची आई. फोंड्यातल्या फ्लॅटचं 32 लाख आणि गाडीचं 4 लाख कर्ज शिल्लक आहे. हप्ते सोडून घरखर्च 38 हजार, त्यातला स्वतःवरचा 8 हजार वजा केला की उरतात 30 हजार, म्हणजे वर्षाला 3.60 लाख. विम्याच्या रकमेवरचं व्याज साधारण महागाईइतकं धरलं, तर 25 वर्षांसाठी 90 लाख लागतील. त्यात कर्जाचे 36 लाख आणि मुलांच्या शिक्षणाचे 20 लाख मिळवले की 1 कोटी 46 लाख होतात. पीएफ आणि ठेवी मिळून 14 लाख वजा करा. गरज उरते 1 कोटी 32 लाखांची. दहापटीच्या हिशेबाने मिळाले असते फक्त 84 लाख. दीड कोटी, मुदत 25 वर्षं, हा इथे योग्य आकडा.

वजाबाकीतच बहुतेकांची चूक होते. राहता फ्लॅट वजा करू नका, तो विकून कुटुंब राहणार कुठे? गावचं घर आणि कुळागरही धरू नका. गोव्यात वडिलोपार्जित मालमत्तेत अनेक वारसांचे हिस्से असतात. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, होऊन वाटणी ठरेपर्यंत वर्षं जाऊ शकतात, आणि घरखर्च तर पुढच्याच महिन्यापासून लागतो. कंपनीचा गट विमाही नको, नोकरी सुटली की तो संपतो. कर्जासोबत बँकेने विमा दिला असेल तर तो फक्त त्या कर्जातून वजा करा. त्याची रक्कम बहुधा कर्जासोबत घटत जाते.

आरोग्य विम्यात कंपनीच्या 3 लाखांच्या कव्हरवर आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर सगळं सोडू नका. कार्ड जरूर ठेवा, पण ते ठरलेल्या उपचारांपुरतंच चालतं. या घराला चौघांची 5 लाखांची फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच रक्कम असलेली पॉलिसी, आणि तिच्यावर 5 लाखांच्या डिडक्टिबलचा, म्हणजे पहिले 5 लाख सोडून वरचा खर्च देणारा, 15 लाखांचा सुपर टॉप-अप पुरेसा आहे. "सुपर" हा शब्द तपासूनच घ्या. समजा एका वर्षात दोन वेळा 4-4 लाखांचं बिल झालं. मूळ पॉलिसी 5 लाख देईल. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो, त्यामुळे एकही बिल 5 लाखांवर जात नाही आणि उरलेले 3 लाख खिशातून जातात. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरून ते 3 लाख भरतो.

आईला या फ्लोटरमध्ये घालू नका. फ्लोटरचा हप्ता सहसा सर्वांत मोठ्या वयावरून ठरतो, शिवाय तिच्या एका आजारपणात मुलांचं कव्हर संपू शकतं. तिची 5 लाखांची वेगळी पॉलिसी काढा, आणि मधुमेह-रक्तदाब असेल तर अर्जात स्पष्ट लिहा. जुन्या आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतची प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते, आणि ती मोजायला सुरुवात पॉलिसी घेतल्या दिवसापासून होते.