पार्टोग्राम कसा वाचावा: सतर्कता रेषा आणि कृती रेषा यांच्यामधले चार तास

पार्टोग्राम म्हणजे प्रसूतीची प्रगती एका कागदावर उतरवणारा आलेख. त्याच्या मधल्या चौकटीत डावीकडे ० ते १० सेंटिमीटर अशी गर्भाशयाच्या तोंडाच्या उघडण्याची मोजपट्टी असते आणि खाली तास असतात. त्याच चौकटीत दोन तिरक्या समांतर रेषा छापलेल्या असतात. डावीकडची सतर्कता रेषा ४ सेंटिमीटरपासून सुरू होते आणि तासाला एक सेंटिमीटर या गतीने १० पर्यंत चढते. तिच्या उजवीकडे चार तासांवर कृती रेषा असते. चार तासांच्या अंतराने दोन रेषा आखण्याची कल्पना फिलपॉट आणि कॅसल यांनी १९७२ मध्ये सुचवली.

वाचण्याआधी आलेख नीट सुरू झाला आहे का ते पाहावे. गर्भाशयाचे तोंड ४ सेंटिमीटर उघडले आणि कळा नियमित झाल्या, की पहिली फुली थेट सतर्कता रेषेवर, त्या क्षणीच्या उघडण्याच्या उंचीवर मांडतात आणि तिच्याखाली घड्याळातली खरी वेळ लिहितात. तपासताना तोंड ५ सेंटिमीटर असेल, तर फुलीही रेषेवर ५ पाशीच येते. ४ सेंटिमीटर होण्याआधीच आलेख सुरू केला, तर संथ पण स्वाभाविक असलेली सुरुवात अडलेली प्रसूती म्हणून दिसते आणि विनाकारण औषधे सुरू होतात.

यानंतर आतून तपासणी साधारण दर चार तासांनी होते. त्याच चौकटीत गोलाच्या खुणेने बाळाचे डोके किती उतरले तेही मांडतात: पोटावरून हाताला डोक्याचे पाचांपैकी किती भाग लागतात, ते मोजायचे. फुल्या वर चढायला हव्यात आणि गोल खाली यायला हवेत. हे दोन्ही एकत्र पाहिले नाहीत, तर रेषा अर्धेच सांगतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिलटकरणीची पहिली तपासणी सकाळी १० वाजता झाली: तोंड ४ सेंटिमीटर, डोके ४/५, दहा मिनिटांत तीन कळा. दुपारी २ वाजता फुली ८ वर असायला हवी होती, पण तोंड ६ सेंटिमीटरच उघडले आहे. सतर्कता रेषा ६ ला दुपारी १२ वाजताच पोहोचते, म्हणजे फुली रेषेच्या दोन तास उजवीकडे आहे. डोके ३/५ आहे आणि कळा दहा मिनिटांत दोनच.

सतर्कता रेषा ओलांडली याचा अर्थ 'शस्त्रक्रिया करा' असा होत नाही. 'उशीर का होतोय ते शोधा' असा होतो. लघवीची पिशवी भरली आहे का, ती पुरेसे पाणी पिते आहे का, हिंडतेफिरते आहे का, सोबत कोणी आहे का, हे आधी पाहावे. सिझेरियनची सोय नसलेल्या ठिकाणी हीच वेळ मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची असते, कारण पुढचे दोन तास वाटेतच जाऊ शकतात. इथे डॉक्टरांनी डोके व्यवस्थित टेकले आहे याची खात्री करून पाण्याची पिशवी फोडली आणि कळा वाढवणारे ऑक्सिटोसिन शिरेतून सुरू केले. दोन तासांनी पुन्हा तपासणी ठरवली.

सायंकाळी ४ वाजता तोंड ७ सेंटिमीटर आहे. ६ वाजताही ७ च. कृती रेषा ७ ला सायंकाळी ५ वाजता पोहोचते, म्हणजे ती ओलांडली गेली. आता आलेखातल्या बाकीच्या नोंदी निर्णय देतात. दहा मिनिटांत चार कळा आहेत, प्रत्येक चाळीस सेकंदांहून जास्त, तरी डोके ३/५ वरच अडले आहे आणि कवटीची हाडे एकमेकांवर घट्ट चढली आहेत. जोर पुरेसा आहे, पण वाट अडली आहे. इथे ऑक्सिटोसिन वाढवणे धोक्याचे ठरते, कारण गर्भाशय फाटू शकते. ते थांबवून सिझेरियनचा निर्णय होतो. याउलट, कळाच कमजोर असत्या, डोके उतरत असते आणि बाळाचे ठोके चांगले असते, तर काळजीपूर्वक कळा वाढवून आणखी वाट पाहता आली असती. कृती रेषेवर निर्णय झालाच पाहिजे. पण तो कोणता, हे उशिराच्या कारणावरून ठरते.

रेषेची वाटच पाहू नये अशाही काही खुणा आहेत. ठोके दर अर्ध्या तासाला, कळ ओसरताच, पूर्ण मिनिटभर ऐकतात. ते ११० च्या खाली किंवा १६० च्या वर टिकून राहिले, किंवा पाण्यात हिरवट घट्ट मळ दिसला, तर फुली रेषेच्या डावीकडे असली तरी डॉक्टरांना लगेच बोलवावे.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. निरोगी बाळ-बाळंतिणींमध्येही प्रसूती अनेकदा तासाला एक सेंटिमीटरपेक्षा संथ असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये, केवळ या गतीवरून हस्तक्षेप करू नये असे सांगितले आणि सक्रिय अवस्था ५ सेंटिमीटरपासून धरली. २०२० च्या तिच्या नव्या तक्त्यात तिरक्या रेषा नाहीत. प्रत्येक सेंटिमीटरसाठी वेगळी कालमर्यादा आहे, जसे ५ वर सहा तास आणि ९ वर दोन. म्हणून हाती आलेला कागद कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी पाहून मगच वाचायला घ्यावा.