मराठी भाषा गौरव दिनाची पोस्ट लिहिताय? या चुका टाळा

२७ फेब्रुवारी जवळ आली की माझ्याकडे दोनतीन जण तरी पोस्ट 'जरा बघून दे' म्हणून पाठवतात. मागच्या वेळी भाच्याने पाठवली होती, तो बंगळुरूला नोकरी करतो. त्याचा मजकूर असा होता:

"मराठी राजभाषा दिनाच्या हार्दिक शुभेच्छा! मराठी आमचा श्वास, मराठी आमचा ध्यास! गर्व आहे मला मराठी असल्याचा! चला, मायमराठी जपूया, वाढवूया!"

पोरगा मनापासून बोलत होता, मला माहितीये, पण पोस्टमध्ये तो स्वतः कुठेच नव्हता.

आधी सरळ चुका. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस (१९१२ चा जन्म). राजभाषा दिन वेगळा, तो १ मेला असतो. दरवर्षी हा घोळ होतो आणि मग कमेंटमध्ये भाषेऐवजी तारखेवरच चर्चा चालते. तसंच सोबत 'लाभले आम्हास भाग्य' टाकत असाल तर खाली कुसुमाग्रजांचं नाव नको, ती ओळ सुरेश भटांची आहे.

दुसरी चूक मला जास्त खुपते, ती म्हणजे 'गर्व'. मराठीत गर्व म्हणजे ताठा, 'गर्वाचं घर खाली' असं आपणच म्हणतो ना. चांगल्या अर्थाचा गर्व हिंदीतून आलाय, आपल्याकडे त्याला अभिमान म्हणतात. मराठीवरचं प्रेम सांगणाऱ्या वाक्यातच हा शब्द घुसला की वाचणारा तिथेच अडतो.

आता पोकळ घोषणा. त्या ओळखायची माझी एक पद्धत आहे, वाक्यातला 'मराठी' शब्द काढायचा आणि तिथे 'गुजराती' किंवा 'कन्नड' घालून बघायचं. 'कन्नड आमचा श्वास, कन्नड आमचा ध्यास', काहीच अडत नाही ना? मग त्या वाक्याने मराठीबद्दल काही सांगितलेलंच नाही, ते खोडा. भाच्याच्या पोस्टला हे लावलं तर शुभेच्छा सोडून सगळं गेलं. तो जरा हिरमुसलाच.

मग मी त्याला फोन केला आणि विचारलं की गेल्या महिन्याभरात असं कधी झालं का, की मराठी शब्द तोंडावर आला आणि त्याजागी दुसरा मिळेचना? तो आधी म्हणाला, "नाही गं मावशी, असं काही नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "हां, लिंबूटिंबू." त्यांच्या टीममध्ये नवीन मुलगी आली होती, पहिले काही दिवस तिने सगळ्यांबरोबर काम करायचं पण चूक झाली तर धरायची नाही असं ठरलं, आणि हा पटकन बोलून गेला की म्हणजे ही लिंबूटिंबू! कोणालाच कळेना. समजावताना त्याला आपलं लहानपण सांगावं लागलं. हे तो फोनवर जसं बोलला तसंच मी त्याला टाईप करायला लावलं:

"आमच्या टीमच्या नवीन मुलीला मी लिंबूटिंबू म्हणालो आणि सगळे माझ्याकडे बघत बसले. मग सांगितलं, की मी भावंडांत सगळ्यात धाकटा, पकडापकडीत मला आऊट करायचे नाहीत पण खेळातून बाहेरही काढायचे नाहीत. हे सांगायला मला पाच मिनिटं लागली. मराठीत एका शब्दात होतं. आता ती मुलगी स्वतःच म्हणते, आय ॲम लिंबूटिंबू. मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छा!"

यात श्वास नाही, ध्यास नाही, पण हा मजकूर दुसऱ्या कोणाच्या नावावर खपणार नाही आणि लिंबूटिंबू काढून घेतलं तर अख्खी पोस्टच कोसळते.

पोस्ट अशी झाली तरी दोन ठिकाणी ती परत बिघडू शकते. एक म्हणजे शेवट. भाच्याने पाठवायच्या आधी खाली हळूच 'चला, असे शब्द जपूया' जोडलं होतं. ते मी काढायला लावलं, कारण वरचं वाचून माणसाला आपले शब्द आठवायला लागलेले असतात आणि तेवढ्यात आपण त्याला उपदेश करतो. दुसरं म्हणजे शुद्धीकरण. 'टीम'चं 'चमू' आणि 'आऊट'चं 'बाद' करायचा मोह होतो. पण तो घरी टीमच म्हणतो, खेळताना आऊटच म्हणायचा, चमू लिहिला की आवाज त्याचा राहत नाही. मोठ्याने वाचून बघा, जे वाक्य तुम्ही घरच्या माणसाला फोनवर म्हणणार नाही ते पोस्टमध्येही टोचतं.

पोस्ट कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावाने जाणार असेल तर मात्र लहानपणीची आठवण चालत नाही, ती कोणाची हा प्रश्न येतो. तिथे कामातलाच शब्द शोधा. शिवणकामाचं दुकान असेल तर 'काजं' आणि 'तुरपाई' आहे, गिऱ्हाईक मापं देताना 'जरा ऐसपैस ठेवा' म्हणतं ते आहे. तेच एक वाक्य लिहा आणि खाली शुभेच्छा द्या, दोन ओळींची पोस्ट झाली तरी चालेल.