हप्ता किती दिवसांच्या भाड्याएवढा?

समजा, जालन्यातल्या फॅब्रिकेशन वर्कशॉपला १,२०,००० रुपयांचं वेल्डिंग मशीन हवंय. विक्रेता ‘१२ टक्के फ्लॅट’ सांगतो: दोन वर्षांचं व्याज २८,८००, महिन्याचा हप्ता ६,२००. यात फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागतं, म्हणून घटत्या शिलकीनं दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. बँकेच्या दराशी हाच आकडा ताडून बघा.

तेच मशीन रोज ६०० रुपये भाड्यानं मिळत असेल, तर महिन्याला दहा दिवसांपेक्षा कमी काम असताना भाडंच बरं. ट्रॉली-शेडची कामं पावसाळ्यात मंदावतात, हप्ता थांबत नाही. म्हणून दिवस मोजताना हंगाम नको, वर्षाची सरासरी धरा. रोखीनं घेणं स्वस्तच, पण त्यापायी पत्रा-पाइप उधारीवर आणावा लागणार असेल तर नको.