साखरेच्या गोळीने जीव वाचतो? डेटा वाचताना या चुका टाळा

ॲप रोज उघडणारे ग्राहक टिकून राहतात, तेव्हा सगळ्यांनाच रोज ॲप उघडायला लावू या, असा हिशोब मांडणारं कुणीतरी महिन्यातून एकदा भेटतंच. मग मी त्यांच्यापुढे १९८० साली छापून आलेले काही आकडे ठेवतो.

अमेरिकेत ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ नावाची मोठी चाचणी झाली होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांपैकी कुणाला कुठलं औषध द्यायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. त्यातलं एक औषध क्लोफायब्रेट, कोलेस्टेरॉल कमी करणारं. पाच वर्षांनी पाहिलं, तर ठरलेल्या गोळ्यांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेणाऱ्यांत १५ टक्के दगावले होते आणि त्याहून कमी घेणाऱ्यांत २४.६ टक्के. झालं की सिद्ध! औषध गुणकारी आहे, लोकच नीट घेत नाहीत.

पहिली चूक इथेच होते: लोकांनी स्वतः निवडलेल्या गटांची तुलना. या चाचणीत दुसरा गट प्लासिबोचा होता, म्हणजे औषध नसलेल्या गोळ्यांचा. तिथेही तोच हिशोब केला. नियमित घेणाऱ्यांत मृत्यू १५.१ टक्के, टाळाटाळ करणाऱ्यांत २८.२ टक्के. औषध नसलेली गोळी वेळेवर घेतली, तर फरक उलट मोठाच!

गोळीने काही केलं नाही, हे उघड आहे. मग फरक कुठून आला? पाच वर्षं न चुकता गोळी घेणारा माणूस पथ्य पाळत असेल, तपासणीला वेळेवर जात असेल. असा घटक गोळी घेण्यावरही परिणाम करतो आणि जगण्यावरही. त्यालाच कन्फाउंडर म्हणतात. शिवाय बाण उलटाही असू शकतो: तब्येत ढासळली म्हणून गोळ्या सुटल्या, गोळ्या सुटल्या म्हणून तब्येत ढासळली असं नव्हे.

दुसरी चूक: ‘आम्ही सगळं ॲडजस्ट केलंय’ म्हणून निर्धास्त होणं. संशोधकांनीही हे करून पाहिलं. सुरुवातीला नोंदवलेले तब्येतीचे आणि सवयींचे ४० घटक त्यांनी हिशोबात धरले. तरी प्लासिबो गटातली तफावत १६.४ विरुद्ध २५.८ एवढी उरलीच. माणसाचा काटेकोरपणा कुठल्या रकान्यात भरणार? घटक असे हिशोबात धरण्याची पद्धत, म्हणजे रिग्रेशन, फक्त नोंदवलेल्या गोष्टी सांभाळतं.

म्हणून निरीक्षणातून आलेल्या डेटावर काम करताना मी आधी त्यात एक ‘प्लासिबो’ शोधतो: जिथे परिणाम होणं शक्यच नाही अशी जागा. उदाहरणार्थ, नवं फीचर वापरणारे ग्राहक ते फीचर येण्याआधीच्या महिन्यातही जास्त खरेदी करत होते का? तिथेही ‘परिणाम’ दिसला, तर दोष आपल्या तुलनेत आहे.

या चाचणीतली योग्य तुलना अगदी साधी होती. गोळ्या खाल्ल्या की नाही ते विसरा. ज्याच्या नावावर क्लोफायब्रेट निघालं तो त्याच गटात मोजा. क्लोफायब्रेट गटात मृत्यू २० टक्के, प्लासिबो गटात २०.९ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. चिठ्ठी माणसाचा स्वभाव बघत नाही, त्यामुळे काटेकोर आणि आळशी दोन्ही गटांत साधारण सारखेच विभागले जातात. न मोजलेले घटकसुद्धा.

तिसरी चूक जरा फसवी आहे: मॉडेलचं भाकीत बरोबर येतं, म्हणून त्यातला घटक बदलायला धावणं. कोण दगावण्याची शक्यता जास्त, एवढंच ओळखायचं असेल तर ‘गोळ्या चुकवतो’ हा रकाना उत्तम आहे. मॉडेल तो उचलणारच, आणि बरोबरच आहे ते. पण रोज फोन करून गोळ्या घ्यायला लावल्या, तर मृत्यू २८ वरून १५ टक्क्यांवर येतील असं ते कुठेही सांगत नाही.

न्यूमोनियाच्या रुग्णांचं एक मॉडेल या बाबतीत प्रसिद्ध आहे. दमा असलेल्यांना धोका कमी, असं ते शिकलं होतं. खरं तर दमा आहे म्हणूनच त्यांना थेट अतिदक्षता विभागात हलवत, तातडीने उपचार होत, म्हणून ते वाचत. त्या भरवशावर दमेकऱ्यांना घरी पाठवलं असतं तर? ही चूक मॉडेल तपासायला बाजूला ठेवलेल्या टेस्ट डेटावरच्या अचूकतेतून पकडता येत नाही, कारण तो डेटाही त्याच उपचारपद्धतीतून आलेला असतो.

उलट बाजूही खरी. चाचणी सरासरी फरक सांगते. अमुक रुग्ण वाचेल का, हे तिला विचारू नये. शिवाय झटका येऊन गेलेल्या पुरुषांवरचा निष्कर्ष जसाच्या तसा निरोगी बायकांना लावता येत नाही.

तर ॲपवाल्यांना मी सांगतो: निम्म्या ग्राहकांची नावं चिठ्ठीने काढा, त्यांनाच आठवणीचे मेसेज पाठवा आणि तीन महिन्यांनी दोन्ही गटांतले किती टिकले ते मोजा. मेसेज न उघडणाऱ्यांना मात्र वगळू नका. वगळलंत की गोळ्या नियमित घेणारे विरुद्ध चुकवणारे ही जुनीच तुलना परत सुरू.