बाटलीवर न लिहिलेला धोकाही नोंदवा

ठाण्यातील एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या अभिक्रियेचा वेग मोजायचा असेल, तर जोखीम मूल्यांकन लिहिताना केवळ बाटलीवरील धोका-विधाने उतरवून घेऊ नयेत. संहत आम्लावरील H314, म्हणजे ‘त्वचा गंभीर भाजते व डोळ्यांना इजा होते’, हे विधान द्रावण तयार करणाऱ्या प्रयोगशाळा सहायकाला लागू होते; त्या विधानापुढे गॉगल, हातमोजे, धूर-कपाट आणि ‘पाण्यात आम्ल ओतावे’ हे उपाय लिहावेत. विद्यार्थ्यांच्या हाती येणाऱ्या 1 मोलर आम्लाला ते विधान लागू होत नाही, तरी गॉगल हवाच.

खरा धोका मात्र कोणत्याच लेबलावर नसतो, कारण सल्फर डायऑक्साइड हा वायू अभिक्रियेतूनच तयार होतो. त्याचे विधान H331, ‘श्वासावाटे गेल्यास विषारी’, असे असल्याने गॉगल हा त्यावरचा उपाय ठरत नाही. येथे द्रावणांचे आकारमान कमी ठेवणे, ती फार तापवू न देणे आणि द्रावण गढूळ होऊन भांड्याखालच्या कागदावरची खूण दिसेनाशी होताच मिश्रण सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात ओतून अभिक्रिया थांबवणे, असे लिहावे. पावसाळ्यात खिडक्या बंद राहत असतील, तर ‘हवा खेळती ठेवावी’ एवढे वाक्य पुरत नाही. एक्झॉस्ट पंखा चालू असल्याची खात्री कोण करणार, तेही नोंदवावे. दम्याचा त्रास असलेल्या विद्यार्थ्यांची आधीच चौकशी करावी, कारण त्यांना या वायूची अल्प मात्राही बाधते.