झाकण मिटलं तरी लॅपटॉप जागाच: चूक चुंबकाची होती

ठाण्याहून ऐरोलीला जाताना बॅगेतला लॅपटॉप रोज तापायचा. झाकण मिटलं तरी पंखा चालूच, आणि पोहोचेपर्यंत बॅटरी अर्धी. उबंटूत `HandleLidSwitch=suspend` लिहिलं, बायोस अपडेट केलं. तीन आठवडे फुकट गेले.

मग आधी हे तपासलं. कमांड देऊन लगेच झाकण मिटायचं आणि वीस सेकंदांनी उघडायचं:

```
sleep 10; cat /proc/acpi/button/lid/*/state
```

उत्तर आलं `open`. म्हणजे झाकण मिटल्याचं मशीनला कळतच नव्हतं, मग सेटिंग काय करणार?

कीबोर्डच्या बाजूला चुंबक जवळ आल्याचं ओळखणारा हॉल सेन्सर असतो आणि त्याच्यासमोर झाकणाच्या चौकटीत छोटं चुंबक. फ्रिजवरचं चुंबक हात टेकायच्या पट्टीवरून कडेकडेने हळू फिरवलं. उजव्या कोपऱ्याजवळ येताच स्क्रीन काळी झाली, लॅपटॉप झोपला. सेन्सर ठणठणीत होता. (जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर जोरदार चुंबक फिरवू नका.)

तेव्हा आठवलं, महिन्यापूर्वी स्क्रीन बदलून घेतली होती. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून चौकट उचकली, तर चुंबकाचा खाचा रिकामा. तिथे शर्टाच्या बटणाहून लहान, पातळ चुंबक दुहेरी टेपने बसवलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. काही सेन्सर चुंबकाची एकच बाजू ओळखतात, म्हणून ते उलटं केलं. पुन्हा तीच कमांड दिली: झाकण मिटताच लॅपटॉप झोपला, उघडताच जागा झाला.

चुंबक जाड घेऊ नका, झाकण मिटताना काचेवर दाब येतो.