जीडीपी वाचताना या चुका टाळा: ज्वारी मोजली जाते, भाकरी नाही

जीडीपीचा, म्हणजे देशात ठरावीक काळात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांच्या एकूण मूल्याचा आकडा आला की चर्चा सुरू होते, आणि बहुतेक वेळा ती एकाच गैरसमजावर उभी असते: जीडीपी वाढला म्हणजे माणसांचं बरं चाललंय.

चूक: सगळी विक्री मिळून जीडीपी होतो असं धरणं. खाणावळीचा महिन्याचा डबा 3,000 रुपयांचा आणि त्यामागे किराणा, भाजी, गॅस यांचा खर्च 1,900, असं समजा. खाणावळीची जीडीपीतली भर फक्त 1,100. उरलेलं मूल्य शेतकरी, गिरणी, दुकानदार यांच्या नावावर आधीच मोजलेलं असतं.

चूक: घरातलं काम त्यात असेलच असं मानणं. इथे नियम जरा चमत्कारिक आहे. शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेली ज्वारी विकली नाही तरी जीडीपीत धरतात. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं अंदाजे भाडंही धरतात. पण त्याच ज्वारीची भाकरी घरच्या बाईने थापली, तर तिच्या कष्टाचं मूल्य शून्य. आजाऱ्याची शुश्रूषा, मुलांचा अभ्यास घेणं, हेही शून्यच. भारताच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी 289 मिनिटं घालवतात, तर असं काम करणारे पुरुष 88 मिनिटं. जवळजवळ पाच तासांचं हे काम आकड्यात नाही, याला मी किरकोळ त्रुटी म्हणणार नाही.

यातूनच वाढ वाचताना फसगत होते. एखादी बाई नोकरीला लागली आणि स्वयंपाकाला पगारी बाई ठेवली, तर नियमाप्रमाणे दोघींच्या कामाचं मूल्य जीडीपीत येतं. नोकरीतलं काम खरोखर नवं आहे. स्वयंपाक मात्र कालही होत होता. म्हणून वाढीचा आकडा पाहताना विचारा: हे काम नव्याने झालं, की फक्त पैशाच्या व्यवहारात आलं?

चूक: खर्च वाढला म्हणजे सुख वाढलं असं समजणं. विहीर आटली आणि मराठवाड्यातल्या एखाद्या कुटुंबाने टँकर विकत घेतला, तर टँकरवाल्याची कमाई जीडीपीत जमा होते. कुटुंबाला मिळतं कालच्याइतकंच पाणी, बहुधा त्याहून कमी. जमिनीखालचा उपसलेला साठा कुठेही वजा होत नाही. यंत्रांची झीज वजा करून निव्वळ उत्पादन काढतात, पण त्यातही आजवर भूजल धरलेलं नाही. 2025 मध्ये मान्य झालेल्या नव्या आंतरराष्ट्रीय नियमांत नैसर्गिक साधनसंपत्तीचा ऱ्हास उत्पादनखर्च मानला आहे. त्याचा परिणाम निव्वळ आकड्यावर होईल, जीडीपी तसाच राहील. त्यामुळे आपल्या जिल्ह्याचं उत्पन्न वाचताना शेजारी भूजलपातळीची नोंद ठेवा. उत्पन्न वर आणि पाणी खाली जात असेल, तर त्या वाढीतला काही भाग साठा संपवून आलेला असू शकतो.